दर शुक्रवारी चढणारा सीओडी: क्लोराइड, मर्क्युरिक सल्फेट आणि एक चमचा

भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. यंत्रं बंद असतात, म्हणून देखभालीची सगळी कामं त्याच दिवशी उरकली जातात. एका कारखान्याच्या सांडपाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातले पदार्थ रसायनाने ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन, दर शुक्रवारीच का चढतो, याचं उत्तर या साध्या गोष्टीत होतं. ते सापडायला आम्हाला सहा आठवडे लागले. मीठ वापरणाऱ्या कुठल्याही कारखान्याचं पाणी तपासणाऱ्यांना हीच अडचण कधी ना कधी येते, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

कारखाना खाद्यपदार्थांचा, मध्यम आकाराचा. त्यांच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, आउटलेटचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत मंगळवारी आणि शुक्रवारी येतं. मंगळवारचा सीओडी १६० ते १९० च्या दरम्यान, शुक्रवारचा मात्र चारशेच्या वर. (सीओडी, बीओडी आणि क्लोराइडचे इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत.) मर्यादा २५० ची. त्यामुळे एका आठवड्यात एकच प्लांट एकदा पास आणि एकदा नापास होत होता. ईटीपी सांभाळणारे काका अगदी मेटाकुटीला आले होते. ब्लोअर जास्त वेळ चालवून पाहिला, गाळ बदलून पाहिला. शेवटी फोनवर म्हणाले, "मॅडम, पाणी डोळ्याला स्वच्छ दिसतंय, वास नाही, मग हे चारशे कुठून येतात?"

त्यांच्या प्रश्नातच पहिला धागा होता. मी मागचे रिपोर्ट काढून बीओडीचा, म्हणजे जिवाणूंना सेंद्रिय पदार्थ कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा, रकाना पाहिला. २७ अंशांवरचा तीन दिवसांचा बीओडी मंगळवारी २० च्या आसपास आणि शुक्रवारीही २२-२३. शुक्रवारच्या पाण्यात खरोखर अडीचशेचा जादा सेंद्रिय भार असता, तर खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तो बहुतेक साखर, स्टार्च, तेल, आम्लं यांचाच असता. त्याचा काही भाग तरी बीओडीत दिसायलाच हवा होता. सीओडी दुपटीहून जास्त होतो आणि बीओडी जागचा हलत नाही, असं दिसलं की पाण्याकडे बघण्याआधी फ्लास्ककडे बघावं. सीओडी मोजताना ऑक्सिडीकरणासाठी घातलेलं डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थाशिवाय दुसऱ्याच कशावर तरी खर्च होत असण्याची शक्यता असते.

फ्लास्कमध्ये काय चालतं

आम्ही आयएस ३०२५ च्या भाग ५८ मधली उघड्या रिफ्लक्सची पद्धत वापरतो. फ्लास्कमध्ये ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, २० मिलि नमुना, ०.२५ नॉर्मलचं १० मिलि पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं ३० मिलि सल्फ्युरिक आम्ल. कंडेन्सर लावून दोन तास उकळायचं, थंड करायचं, कंडेन्सर वरून धुऊन घ्यायचा, पाणी घालून साधारण १५० मिलि करायचं. मग फेरॉइनचे दोन-तीन थेंब टाकून ०.१ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने, म्हणजे एफएएसने, टायट्रेट करायचं. निळसर हिरवा रंग एका थेंबात विटकरी लाल होतो. ब्लँकला, म्हणजे नमुन्याऐवजी डिस्टिल्ड पाणी घातलेल्या फ्लास्कला, जेवढं एफएएस लागलं त्यातून नमुन्याचं वजा केलं की नमुन्याने किती डायक्रोमेट खाल्लं ते कळतं.

```
COD = (A - B) x N x 8000 / V
```

A म्हणजे ब्लँकचं वाचन, B नमुन्याचं, N एफएएसची नॉर्मॅलिटी आणि V नमुन्याचे मिलि. २० मिलि नमुना आणि ०.१ नॉर्मल एफएएस असेल, तर वाचनातल्या प्रत्येक १ मिलि फरकाचे ४० होतात. हा ४० लक्षात ठेवा, पुढे डायल्युशनच्या वेळी कामाला येईल.

अडचण अशी की उकळत्या आम्लातलं डायक्रोमेट समोर काय आहे ते पाहत नाही. क्लोराइड दिसला की त्याचंही ऑक्सिडीकरण करतं आणि क्लोरीन वायू बनवतं.

```
Cr2O7(2-) + 6 Cl(-) + 14 H(+)  ->  2 Cr(3+) + 3 Cl2 + 7 H2O
```

गणिताने १ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे ०.२२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन. म्हणजे ५००० क्लोराइडचं पाणी, त्यात सेंद्रिय पदार्थ शून्य असला तरी, अकराशेच्या वर सीओडी दाखवू शकतं. हे टाळायला मर्क्युरिक सल्फेट असतं. पारा क्लोराइडला घट्ट धरतो. मर्क्युरिक क्लोराइड विरघळलेलंच राहतं, पण त्यातून क्लोराइड आयन जवळपास सुटत नाही, म्हणून डायक्रोमेटच्या हाती लागत नाही. नियम वजनाचा आहे: एक भाग क्लोराइडला दहा भाग मर्क्युरिक सल्फेट. नुसत्या रासायनिक हिशेबाने साधारण सव्वाचार भाग पुरले असते, पण धरून ठेवणं पक्कं व्हावं म्हणून दुपटीहून जास्त घ्यायचं.

आता ०.४ ग्रॅम हा आकडा कुठून आला ते बघा. २० मिलि नमुन्यात क्लोराइड २००० असेल, तर फ्लास्कमध्ये ४० मिलिग्रॅम क्लोराइड येतो. त्याच्या दहापट म्हणजे ४०० मिलिग्रॅम. हे ०.४ ग्रॅम फक्त २००० पर्यंतच्या क्लोराइडसाठी आहे. पाण्यात किती क्लोराइड आहे ते न मोजता प्रत्येक फ्लास्कमध्ये तेवढंच टाकणं, हीच बहुतेक प्रयोगशाळांची सवय असते. आमचीही तीच होती.

गुरुवारी काय होत होतं

मी काकांना विचारलं, "गुरुवारी ईटीपीत काय जातं?" ते म्हणाले, "काही नाही हो, कारखाना बंद. फक्त सॉफ्टनर धुतो." बॉयलरसाठी ते बोअरचं पाणी वापरतात. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणून सॉफ्टनर लागतो. त्यातलं रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजं करायचं आणि ते पाणी गटारीने ईटीपीत सोडायचं. "मीठ किती लागतं?" "दोन सॉफ्टनर मिळून तीन पोती."

५० किलोची तीन पोती म्हणजे १५० किलो मीठ. मिठात वजनाने सुमारे ६०.७ टक्के क्लोराइड, म्हणजे जवळपास ९१ किलो. हे त्यांच्या साधारण वीस हजार लिटरच्या पाण्यात मिसळतं. ९१ किलोला वीस हजार लिटरने भागलं की ४५५० ची वाढ. सोडियम रेझिनवर अडकून त्याच्या जागी कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटतं, पण क्लोराइड मात्र जेवढा घातला तेवढा बाहेर येतो. मंगळवारच्या पाण्यात क्लोराइड ६०० च्या आसपास असतो. दोन्ही मिळून पाच हजारांच्या वर जायला हवा.

पुढच्या शुक्रवारी नमुना आल्यावर सीओडी लावायच्या आधी क्लोराइड मोजला. नमुना दहापट पातळ केला, त्यातला १० मिलि घेतला, पोटॅशियम क्रोमेट टाकून सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट केलं. ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटचा १ मिलि म्हणजे ०.५ मिलिग्रॅम क्लोराइड. ब्लँक वजा जाता १०.४ मिलि लागले, म्हणजे क्लोराइड ५२००. कागदावरचा हिशेब जुळला. या टायट्रेशनला दहा मिनिटं पुरतात. पीएच ७ ते १० मध्ये ठेवला आणि पिवळ्यातून विटेची छटा येताच थांबलं की झालं. नमुने खूप असतील तर आधी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून बघा. नेहमीच्या ग्राहकाचं वाचन एकदम कित्येक पट वाढलं, तर क्लोराइड मोजल्याशिवाय त्या नमुन्याला हात लावू नका.

५२०० क्लोराइड म्हणजे २० मिलित १०४ मिलिग्रॅम, आणि हवं होतं १.०४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट. आम्ही टाकत होतो ०.४. आणि तेही खरं नव्हतं.

चमचा

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे मर्क्युरिक सल्फेट वजन करून नाही, तर एका छोट्या प्लॅस्टिकच्या चमच्याने टाकलं जात होतं. कुणीतरी एकदा वजन करून "सपाट चमचा म्हणजे ०.४" असं ठरवलं होतं आणि बाटलीवर तशी चिठ्ठी चिकटवली होती. मी वॉच ग्लास तराजूवर ठेवला आणि प्रयोगशाळेतल्या आमच्या मदतनीस मुलाला दहा चमचे टाकायला सांगितलं. एकही ०.३ च्या वर गेला नाही, सरासरी ०.२६. नवी बाटली दुसऱ्या बनावटीची होती. पूड जास्त हलकी आणि भुसभुशीत, म्हणून चमचा भरलेला दिसायचा पण वजन भरायचं नाही. मंगळवारच्या पाण्यात २० मिलिला फक्त १२ मिलिग्रॅम क्लोराइड असायचा, त्याला ०.२६ ग्रॅमही भरपूर होतं. म्हणून चमच्यातली चूक मंगळवारी कधी दिसली नाही.

शुक्रवारी मात्र ०.२६ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट १०४ पैकी जास्तीत जास्त ६२ मिलिग्रॅम क्लोराइड धरू शकतं, तेही एका पाऱ्याला दोन क्लोराइड असा काटेकोर हिशेब धरून. उरलेले निदान ४२ मिलिग्रॅम मोकळे. सगळ्यांचं ऑक्सिडीकरण झालं असतं तर सीओडी ४७० ने वाढला असता. प्रत्यक्षात तो अडीचशेच्या आसपास वाढत होता. बाकीचा क्लोराइड कुठे गेला, ते फ्लास्कच्या तळाशी दिसत होतं.

हे नीट बघण्यासारखं आहे. दोन तासांनी गार झालेल्या फ्लास्कमध्ये तळाला दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा साका बसला होता, हलवला की गुठळ्या उठायच्या. तो सिल्व्हर क्लोराइड. मी एक फ्लास्क टायट्रेशननंतर खिडकीत ठेवला. दुपारपर्यंत उन्हाच्या बाजूचा साका जांभळट करडा झाला, दुसऱ्या बाजूचा पांढराच होता. उजेडात सिल्व्हर क्लोराइड असाच काळवंडतो, त्यामुळे दुसरा कुठला गाळ आहे का ही शंका उरत नाही. आमच्या मुलाने हा साका आधीही पाहिला होता. त्याला वाटलं, पाण्यातला गाळ असेल.

रिफ्लक्स चालू असताना दुसरी खूणही मिळते. स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइडची ओली पट्टी कंडेन्सरच्या तोंडाशी धरली की क्लोरीन सुटत असेल तर निळी होते. शुक्रवारच्या फ्लास्कवर ती काही मिनिटांत निळी झाली, ब्लँकवर पांढरी राहिली. हे धुराच्या कपाटातच करा, तोंड लांब ठेवून.

पांढऱ्या साक्याची आणखी एक बाजू आहे आणि ती जास्त फसवी आहे. चांदी तिथे उगाच नसते. ॲसेटिक आम्लासारखी साध्या साखळीची आम्लं आणि अल्कोहोलं डायक्रोमेटला नुसती दाद देत नाहीत, चांदीच्या साहाय्यानेच त्यांचं ऑक्सिडीकरण नीट होतं. चांदी क्लोराइडमध्ये अडकून खाली बसली की हे पदार्थ अर्धवट राहतात आणि सीओडी खऱ्यापेक्षा कमी येतो. एकाच फ्लास्कमध्ये क्लोराइड आकडा वर ओढतो आणि अडकलेली चांदी खाली. कधी दोन्ही चुका एकमेकींना झाकतात आणि रिपोर्ट अगदी शहाणासुरता दिसतो. लोणच्याचं, व्हिनेगरचं, दुधाचं सांडपाणी तपासताना मला याचीच जास्त भीती वाटते, कारण चढलेल्या आकड्याची तक्रार येते, उतरलेल्याची कुणी करत नाही.

म्हणून क्रम पाळायचा. आधी मर्क्युरिक सल्फेट आणि नमुना, नीट घोळवून. साध्या पाण्यात पिवळी पूड दिसली तर घाबरू नका, तो बेसिक सल्फेट आहे, आम्लात विरघळतो. तीसपैकी दोन-तीन मिलि आम्ल अगदी हळू, फ्लास्क गार पाण्यात धरून सोडा आणि पूड विरघळेपर्यंत हलवत राहा. मग डायक्रोमेट, मग उरलेलं आम्ल. घाईत चांदीचं आम्ल आधी ओतलं तर क्लोराइड चांदीकडे जाऊन साका बनतो आणि नंतर टाकलेल्या पाऱ्याला तो सोडवून घेणं जड जातं.

चूक तपासून बघणं

कारण सापडलं असं वाटणं आणि ते सिद्ध होणं यात फरक आहे. आम्ही मिठाचा ब्लँक लावला. शुद्ध सोडियम क्लोराइड ८.५७ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर, म्हणजे क्लोराइड बरोबर ५२००. यात सेंद्रिय काहीच नाही, सीओडी शून्याच्या जवळ यायला हवा. एका फ्लास्कमध्ये जुना चमचा, दुसऱ्यात तराजूवर मोजलेलं १.०४ ग्रॅम. चमच्याच्या फ्लास्कने २४४ दाखवला, वजनाच्या फ्लास्कने १२. शुक्रवारी जेवढा सीओडी जादा येत होता, जवळपास तेवढाच नुसत्या मिठाने दिला.

मग शुक्रवारचाच नमुना तीन प्रकारे लावला. डिस्टिल्ड पाण्याच्या ब्लँकला २४.८ मिलि एफएएस लागलं. चमच्याने लावलेल्या नमुन्याला १४.०, म्हणजे फरक १०.८ आणि सीओडी ४३२. १.०४ ग्रॅम वजन करून लावलेल्याला २०.३, म्हणजे ४.५ आणि १८०. तिसऱ्या फ्लास्कमध्ये ५ मिलि नमुना आणि १५ मिलि डिस्टिल्ड पाणी घेतलं. त्यात क्लोराइड २६ मिलिग्रॅम, त्याला ०.२६ पुरलं असतं, आम्ही ०.४ मोजून घातलं. वाचन २३.६५, फरक १.१५. V आता ५ आहे म्हणून ४० च्या जागी १६० ने गुणायचं: १८४.

काकांना फोन केला तेव्हा आधी हेच सांगितलं की तुमचा प्लांट ठीक चालला आहे, गाळ बदलू नका. सहा आठवड्यांचे शुक्रवारचे आकडे आमच्याकडून चुकीचे गेले होते. ते आम्ही लेखी कळवले.

पातळ करायचं की पारा वाढवायचा

वर दोन्ही मार्गांनी उत्तर सारखं आलं, पण ते दरवेळी सारखे चालत नाहीत. निर्णय क्लोराइड आणि सीओडी यांच्या प्रमाणावर करावा लागतो.

सीओडी मोठा असेल, उदाहरणार्थ लोणच्याच्या पिंपाचं धुणं, सीओडी ८००० आणि क्लोराइड १५,०००, तर वीसपट पातळ करा. क्लोराइड ७५० वर येतो, सीओडी ४०० राहतो, एका फ्लास्कमध्ये दोन्ही प्रश्न सुटतात. इथे पारा वाढवण्याचं काहीच कारण नाही. पारा वाढवण्याची किंमत लहान नसते. ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये ०.२७ ग्रॅम पारा असतो, १.०४ ग्रॅममध्ये ०.७. प्रत्येक फ्लास्कचं पाणी सिंकमध्ये न टाकता वेगळ्या कॅनमध्ये साठवून, पारा, चांदी आणि क्रोमियमचा धोकादायक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे पाठवायचं असतं. आमचे कॅन रांजणगावला जातात. जितकं कमी भरेल तितकं बरं.

सीओडी लहान आणि क्लोराइड मोठा असेल, जसा आमच्या शुक्रवारच्या नमुन्यात, तेव्हा पातळ करण्याला मर्यादा येते. पाच मिलिच्या फ्लास्कमध्ये ब्युरेट वाचताना ०.०५ मिलिची चूक झाली तर उत्तरात ८ चा फरक पडतो, ०.१ मिलिची झाली तर १६ चा. १८४ मध्ये ते चालतं, कारण मर्यादा २५० ची आहे. पण खरा सीओडी २४० असता तर पास-नापासचा निर्णय त्या एका थेंबावर गेला असता. अशा वेळी आम्ही चारपट पातळ करत नाही. १० मिलि नमुना, १० मिलि पाणी आणि दहास एक या प्रमाणात मोजलेलं ०.५२ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट घेतो, तीन फ्लास्क लावतो आणि सोबत त्याच क्लोराइडचा मिठाचा ब्लँक चालवतो. शिवाय आठवड्यातून एकदा ४२५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या द्रावणात तेवढंच मीठ टाकून बघतो. त्याचा सीओडी ५०० यायला हवा. मिठाचा ब्लँक क्लोराइड सुटला का ते दाखवतो, थॅलेटचं द्रावण मिठामुळे खरं ऑक्सिडीकरण अडलं का ते.

वजा करण्याचा मार्ग

"क्लोराइड मोजलाय ना, मग ०.२२६ ने गुणून वजा करा की," असं अनेक जण सांगतात. हे मी मनापासून सांगते: करू नका. वजाबाकी तेव्हाच बरोबर ठरेल जेव्हा सगळ्याच्या सगळ्या क्लोराइडचं ऑक्सिडीकरण झालं असेल. आमच्या फ्लास्कमध्ये मोकळ्या क्लोराइडचाही अर्धाच भाग ऑक्सिडाइज झाला, बाकी चांदीने खाली नेला. ४३२ मधून ५२०० चे ११७५ वजा केले तर उत्तर ऋण येतं.

नमुन्यात अमोनिया असेल तर गोष्ट आणखी बिघडते. एरवी डायक्रोमेट अमोनियाला हात लावत नाही, म्हणून तो सीओडीत मोजला जात नाही. पण मोकळ्या क्लोराइडपासून क्लोरीन झाला की तो अमोनियावर तुटून पडतो, त्याचा नायट्रोजन करतो आणि स्वतः पुन्हा क्लोराइड होतो. तोच क्लोराइड पुन्हा डायक्रोमेट खायला मोकळा. थोडासा सुटलेला क्लोराइड अशा फेऱ्या मारत राहतो आणि त्याच्या स्वतःच्या वाट्यापेक्षा जास्त डायक्रोमेट संपवतो. नायट्रोजनच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे १.७ मिलिग्रॅम ऑक्सिजनपर्यंत भर पडू शकते. सेप्टिक टाकीचं किंवा कचरा डेपोच्या निचऱ्याचं पाणी असेल तर त्यात अमोनिया आणि क्लोराइड दोन्ही असतात. तिथे वजाबाकीला काही अर्थच उरत नाही, क्लोराइड सुरुवातीलाच बांधून ठेवावा लागतो.

०.२२६ चा उपयोग मी एकाच कामासाठी करते. क्लोराइडला त्याने गुणलं की क्लोराइडमुळे थेट जास्तीत जास्त किती चूक होऊ शकते ते कळतं. मंगळवारच्या ६०० ला ती १३५, शुक्रवारच्या ५२०० ला ११७५. दुसरा आकडा दिसला की तो नमुना नेहमीच्या रांगेत लागत नाही.

तयार व्हायल वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांत पारा कारखान्यातूनच ठरावीक भरलेला असतो, तिथे चमचा नाही आणि वाढवायची सोयही नाही. माहितीपत्रकातली क्लोराइडची मर्यादा बघा आणि तिच्यावर गेलात तर पातळ करा किंवा उघड्या रिफ्लक्सला या.

जिथे ही पद्धत थांबते

गेल्या महिन्यात दुसरीकडून एका आरओ प्लांटचं रिजेक्ट पाणी आलं. क्लोराइड १२,०००. पारा वाढवून लावलं तर सीओडी ९० च्या आसपास. मिठाचा ब्लँकच ३५ दाखवत होता, म्हणजे उत्तराच्या तिसऱ्या भागाहून जास्त. २००० वर आणायला सहापट पातळ करावं लागलं असतं आणि मग फ्लास्कमध्ये सीओडी उरला असता १५. ०.२५ नॉर्मल डायक्रोमेटने ५० च्या खालचं काही भरवशाने मोजता येत नाही. पातळ डायक्रोमेट घेतलं तर कमी सीओडी दिसतो, पण क्लोराइडची चूकही तितकीच मोठी दिसते. आम्ही रिपोर्टवर सीओडीच्या रकान्यात नुसता आकडा लिहिला नाही. क्लोराइड, वापरलेलं मर्क्युरिक सल्फेट आणि मिठाच्या ब्लँकचं वाचन शेजारी लिहिलं आणि ग्राहकाला एकूण सेंद्रिय कार्बन करून घ्यायला सांगितलं.

भोसरीच्या कारखान्याने आता सॉफ्टनरचं पाणी वेगळ्या टाकीत घ्यायला सुरुवात केली आहे आणि ते आठवडाभर थोडं थोडं सोडतात. मागच्या शुक्रवारी क्लोराइड ११५० होता, सीओडी १७२. आमच्या नमुना नोंदवहीत सीओडीच्या आधी क्लोराइडचा रकाना आला आहे. तो भरल्याशिवाय फ्लास्क कंडेन्सरखाली जात नाही. मर्क्युरिक सल्फेटच्या बाटलीवरची चिठ्ठी मी स्वतः काढली, चमचाही उचलून ठेवला. त्या जागी आता तराजूची वही आहे.